तीनशे, पाचशे की हजार? स्वखर्चाने पुस्तक काढताना प्रतीमागचा खर्च

वाचकाचे पत्र: मी निवृत्त शिक्षिका असून माझ्या लेखांचे पुस्तक स्वतःच काढायचे ठरवले आहे. डेमी आकारात २०८ पाने होतील. छपाई आणि बांधणीसाठी छापखान्याने ३०० प्रतींना २९,३०० आणि १,००० प्रतींना ५८,७०० रुपये सांगितले. म्हणजे एक प्रत ९८ रुपयांवरून ५९ वर येते, म्हणून हजार छापाव्यात असे घरच्यांचे मत आहे. पानांची मांडणी पानाला २५ रुपये, दोन वाचनांचे मुद्रितशोधन पानाला ३० रुपये आणि मुखपृष्ठ ६,००० रुपये असे भाव मिळाले आहेत. सुमारे दीडशे ओळखीचे लोक पुस्तक नक्की घेतील. मुद्रितशोधन, मुखपृष्ठ आणि टपाल धरून एक प्रत कितीला पडेल, आणि किती छापाव्यात? मुद्रितशोधनाचे एक वाचन कमी केले तर चालेल का? (सातारा)

उत्तर:

सप्रेम नमस्कार. आपण दोन वेगवेगळ्या प्रतिसंख्यांचे भाव मागून घेतलेत हे फार चांगले झाले, कारण दोन एकूण रकमा हातात असल्या की छापखान्याने न सांगितलेली गोष्टही त्यांतून काढता येते. ३०० वरून १,००० वर जाताना ७०० प्रती वाढल्या आणि रक्कम २९,४०० रुपयांनी वाढली, म्हणजे प्रत्येक जादा प्रत ४२ रुपयांना पडते. आता ३०० प्रतींचे ४२ प्रमाणे १२,६०० रुपये त्या २९,३०० मधून वजा केले की १६,७०० रुपये उरतात. एक प्रत छापा किंवा हजार छापा, यंत्र सुरू करण्यासाठी ही रक्कम द्यावीच लागते. आपल्या पुढच्या सगळ्या हिशोबाचा पाया हे दोन आकडे आहेत. याच पद्धतीने ५०० प्रतींचा छपाईखर्च १६,७०० अधिक २१,०००, म्हणजे ३७,७०० रुपये यायला हवा. छापखान्याने याहून बराच वेगळा आकडा सांगितला तर त्याचे कारण अवश्य विचारावे.

हे १६,७०० रुपये कशाचे, ते कळले तर आपल्याला घासाघीस कुठे करायची आणि कुठे करू नये हे ठरवता येईल. ऑफसेट छपाईत पुस्तक सुटे एकेक पान करून छापले जात नाही, ते सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापले जाते. २०८ पानांचे बरोबर तेरा फॉर्म होतात. प्रत्येक फॉर्मच्या दोन बाजू, म्हणजे सव्वीस प्लेट आणि सव्वीस वेळा यंत्राची जुळवणी. प्लेटचे साधारण २०० रुपये धरले तर ५,२०० रुपये तिथे जातात. छपाईची आकारणी बहुतेक छापखान्यांत किमान एक हजार छाप्यांची असते, त्यामुळे ३०० कागद छापले तरी हजारांचेच पैसे लागतात. दर बाजूला २५० रुपये धरले तर सव्वीस बाजूंचे ६,५०० होतात. शाईचा रंग आणि जुळवणी नीट बसेपर्यंत दर फॉर्मला शंभरेक कागद वाया जातात, त्याचे सुमारे २,००० रुपये. उरलेले ३,००० मुखपृष्ठाच्या चार रंगांच्या प्लेट आणि छपाईचे. उलट ४२ रुपयांत प्रतीचा कागद सुमारे २१ रुपयांचा, मुखपृष्ठाचे कार्ड आणि लॅमिनेशन ६ रुपयांचे, आणि घडी, बांधणी, गठ्ठे बांधून घरपोच वाहतूक मिळून १५ रुपये असा अंदाज बसतो.

म्हणूनच पानसंख्या २०८ वरच थांबवा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ऐन वेळी प्रस्तावना दोन पानांनी वाढली तर दोन पानांचे पैसे वाढत नाहीत. नवा अर्धा फॉर्म उघडावा लागतो आणि पुस्तकाच्या शेवटी कोरी पाने येतात. पूर्ण फॉर्म वाढला तर ५०० प्रतींना प्लेट, छपाई आणि कागद मिळून दोन हजारांच्या आसपास खर्च चढतो. आपल्याला मिळालेल्या २०८ या आकड्यात शीर्षकपान, श्रेयपान, अर्पणपत्रिका, प्रस्तावना आणि अनुक्रमणिका धरली आहे का, हे मांडणी करणाऱ्याला आजच विचारा. ती धरलेली नसेल तर अक्षराचा आकार अर्ध्या पॉइंटने कमी करून किंवा पानावर एक ओळ वाढवून मजकूर पुन्हा तेरा फॉर्ममध्ये बसवता येतो. मात्र हे काम प्रूफ वाचायला जाण्यापूर्वीच उरकले पाहिजे, कारण नंतर ओळी सरकल्या की वाचलेली पाने पुन्हा वाचावी लागतात.

आता छपाईपूर्वीचा खर्च पाहू. मांडणीचे ५,२००, मुद्रितशोधनाचे ६,२४० आणि मुखपृष्ठाचे ६,००० मिळून १७,४४० रुपये होतात, आणि हेही प्रतिसंख्येवर अवलंबून नाहीत. त्यात छपाईचे १६,७०० मिळवले की ३४,१४० रुपये हा आपला एकदाच होणारा खर्च ठरतो. ३०० प्रतींना एकूण ४६,७४० रुपये, म्हणजे प्रत १५६ ला. ५०० प्रतींना ५५,१४०, म्हणजे प्रत ११० ला. आणि १,००० प्रतींना ७६,१४०, म्हणजे प्रत ७६ ला पडते. आपल्याला मिळालेला ९८ आणि ५९ हा भाव फक्त छापखान्याचा होता. पुस्तकाचा खरा भाव त्यापेक्षा बराच वर आहे.

मुद्रितशोधनाविषयी आपण विचारले आहे. दुसऱ्या वाचनाचे पानाला १० रुपये धरले तर त्यातून २,०८० रुपये वाचतात, म्हणजे ५०० प्रतींवर प्रतीमागे चार रुपये. ही काटकसर मी मुळीच करणार नाही. पहिले वाचन मजकुराचे असते आणि दुसरे मांडून झालेल्या पानांचे, आणि मराठीत या दोन टप्प्यांवर होणाऱ्या चुका निराळ्या असतात. आपले काही लेख जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप झालेले असतील तर रूपांतर करताना रफार भलत्या अक्षरावर बसतो, आणि ‘ऱ्य’ हमखास ‘र्य’ होतो: ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ लिहिलेले असते आणि छापून येते ‘सह्याद्रीच्या दर्या’. संगणकाच्या शब्दतपासणीला ही चूक सापडत नाही, कारण ‘दर्या’ हाही योग्य शब्द आहे. ती वाचणाऱ्या डोळ्यालाच सापडते. मांडलेल्या पानांवर मात्र वेगळे पाहावे लागते. ओळीच्या शेवटी शब्द चुकीच्या ठिकाणी तुटणे, परिच्छेदाची शेवटची एकटी ओळ पुढच्या पानावर जाणे, अनुक्रमणिकेतला पृष्ठांक आणि प्रत्यक्ष पान यांत फरक पडणे, हे सारे पहिल्या वाचनाच्या वेळी अस्तित्वातच नसते.

मुद्रितशोधकाशी बोलताना तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. एक, दर मांडलेल्या पानाचा आहे की मजकुराच्या शब्दांचा. दोन, दुसऱ्या वाचनात केलेल्या दुरुस्त्या मांडणी करणाऱ्याने खरोखर उतरवल्या का, हे पडताळून पाहणे त्या दरात धरले आहे का. हे काम अनेकदा कोणाच्याच वाट्याला आलेले नसते आणि जुनी चूक दुरुस्त होता होता शेजारी नवी तयार होते. तीन, आपली लेखनपद्धती. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम धरायचे हे उघड असले तरी संवादांतली बोलीभाषा जशीच्या तशी ठेवायची की नाही, हे आपणच सांगितले पाहिजे, नाहीतर शोधक आपल्या पात्रांच्या तोंडची माणदेशी प्रमाण करून टाकेल. प्लेट तयार झाल्यावर सापडलेली चूक सुधारायची तर ती प्लेट नव्याने करावी लागते, म्हणून छपाईला जाणाऱ्या अंतिम पीडीएफवर आपली लेखी मान्यता दिल्याशिवाय प्लेट करू नयेत, असे छापखान्याला कळवून ठेवा.

मुखपृष्ठाबाबत फार बोलण्यासारखे नाही. सहा हजार रुपये हा भाव रास्त वाटतो. फक्त एक पाहावे. पुस्तकाच्या कण्याची जाडी कागदावर ठरते. २०८ पाने म्हणजे १०४ पत्रे, आणि ७० जीएसएम वजनाच्या मॅपलिथो कागदावर तो कणा साधारण एक सेंटिमीटरचा होतो. पुढे कागद बदलला तर कणा बदलतो आणि कण्यावरचे नाव मधोमध न राहता मुखपृष्ठाकडे किंवा मलपृष्ठाकडे सरकते. म्हणून कागद पक्का झाल्यावरच मुखपृष्ठाची अंतिम फाइल करून घ्यावी आणि बदल करता येईल अशी मूळ फाइलही चित्रकाराकडून घ्यावी. मलपृष्ठावरच्या बारकोडसाठी लागणारा आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून isbn.gov.in या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो, आणि लेखक स्वतःच्या नावानेही तो मागू शकतो. पुस्तक काढून देणारी कोणी संस्था या क्रमांकाचे वेगळे पैसे मागत असेल तर ती रक्कम हिशोबातून काढून टाकावी.

आता टपाल. माझा अनुभव असा की लेखक ते हिशोबात सर्वांत शेवटी धरतात आणि नेमके तेच वर्षभर खिशातून जात राहते. डेमी आकाराच्या ७० जीएसएम कागदावरील २०८ पानांच्या पुस्तकाचे वजन, ३०० जीएसएमचे मुखपृष्ठ धरून, साधारण २४० ग्रॅम होते. पुठ्ठा आणि पाकीट धरले तरी ते ३०० ग्रॅमच्या आत राहते. तोच मजकूर ८० जीएसएमवर घेतला तर पुस्तक २७० ग्रॅमचे होते आणि पाकिटासह ३०० ग्रॅमच्या पलीकडे जाते. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली आहे. तिचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून ५ किलोपर्यंत १०० रुपये असा असून कर वेगळा पडतो. पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव छापलेले असावे लागते आणि आत जाहिराती असतील तर ते या सेवेत बसत नाही, म्हणून शेवटच्या पानावर ओळखीच्या दुकानाची जाहिरात देण्याचा मोह टाळावा. पॅकिंग धरून टपालाने जाणारी प्रत सुमारे ३५ रुपयांची होते. दुकानदाराकडे एकोणीस प्रतींचा गठ्ठा पाच किलोंच्या आत बसतो, तेव्हा तिथे प्रतीमागे ६ रुपये धरावेत.

इथवर आपण खर्चाला छापलेल्या प्रतींनी भागत होतो. पैसे मात्र विकलेल्या प्रतींचेच येतात, आणि आपल्या घरच्यांच्या मताशी माझे मतभेद आहेत ते इथेच. भेटप्रती ४० तरी धराव्यात. त्यांतल्या चार प्रती १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालये यांना स्वखर्चाने पाठवाव्या लागतात. उरलेल्या प्रस्तावनाकार, परीक्षणासाठी वर्तमानपत्रे आणि घरची मंडळी यांना जातात. या चाळीस प्रती टपालाने पाठवायला १,४०० रुपये लागतील.

पुस्तकाची किंमत २५० रुपये ठेवली असे धरू. ओळखीच्या दीडशे जणांना आपण ती सवलतीत २०० ला द्याल. त्यांतल्या शंभर प्रती प्रकाशन समारंभात किंवा हातोहात जातील आणि त्यांचे २०,००० रुपये येतील. पन्नास टपालाने जातील, त्यांचे टपाल वजा जाता प्रत्येकी १६५ प्रमाणे ८,२५० रुपये मिळतील. दुकानदार सर्वसाधारणपणे ४० टक्के सवलत घेतो, म्हणजे त्याच्याकडून १५० रुपये मिळतात आणि गठ्ठ्याचा खर्च वजा जाता १४४ हाती राहतात. मधे वितरक असेल तर सवलत ५० टक्क्यांपर्यंत जाते. शिवाय प्रती बहुधा विकल्यावर पैसे या बोलीवर ठेवल्या जातात, त्यामुळे पैसे येण्यास वर्षही लागते. दुकानांत २०० प्रती गेल्या तर तिथून २८,८०० येतील. म्हणजे ३५० प्रती विकून एकूण ५७,०५० रुपये हाती आले.

या ३५० विक्रीवर तीन पर्याय ताडून पाहा. ५०० छापल्या तर खर्च ५५,१४० अधिक भेटप्रतींचे टपाल १,४००, म्हणजे ५६,५४०. सुमारे पाचशे रुपये शिल्लक राहतात आणि हिशोब बरोबरीला येतो, वर शंभरेक प्रती हातात असतात. १,००० छापल्या तर तेवढ्याच विक्रीवर साडेवीस हजारांचा खड्डा पडतो आणि घरात सहाशे प्रती, म्हणजे दीडशे किलोंच्या आसपास कागद, साताऱ्याच्या पावसाळ्यात ओल आणि कसर यांपासून जपत बसावा लागतो. ३०० छापल्या तर भेटप्रती वजा जाता विकायला २६० उरतात. त्या शेवटच्या प्रतीपर्यंत विकल्या तरी दीडशे ओळखीचे आणि एकशे दहा दुकानातले मिळून ४४,०९० रुपये येतात, खर्च मात्र ४८,१४० असतो. म्हणजे आवृत्ती संपूनही चार हजार रुपये तोटा. २५० किंमत ठेवायची तर तीनशेची आवृत्ती संपली तरी स्वतःचा खर्च भरून काढू शकत नाही, ही गोष्ट फक्त प्रतीमागचा भाव पाहून लक्षात येत नाही.

म्हणून माझे मत ५०० प्रतींचे आहे, पण एका अटीवर. ३०० वरून ५०० वर जाताना ८,४०० रुपये जास्त लागतात आणि दुकानातून मिळणाऱ्या १४४ रुपयांच्या हिशोबाने ते ५९ जादा प्रती विकल्या की वसूल होतात. छपाईला देण्यापूर्वी सातारा, कराड आणि पुण्यातील चार-पाच दुकानदारांना नुसती अनुक्रमणिका आणि एक लेख दाखवून ‘पहिल्या खेपेला किती ठेवाल’ असे विचारा. सगळे मिळून दीडशेच्या पुढे गेले तर ५०० छापा. शंभरसुद्धा होत नसतील तर ३०० च छापून किंमत २८० करावी, कारण पाचशे छापून २६० च विकल्या गेल्या तर तोटा साडेबारा हजारांच्या आसपास जाईल. आकड्यांतला हा फरक दुकानदारांच्या उत्तरावर ठरतो, आणि ते उत्तर आपल्याला पैसे गुंतवण्याआधी मिळू शकते.

पाचशे संपल्या तर काय, या भीतीने हजार छापण्याची आता गरज राहिलेली नाही. मांडणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ यांचा खर्च पहिल्याच आवृत्तीत झालेला असतो, त्यामुळे पुढच्या पन्नास-शंभर प्रती डिजिटल यंत्रावर काढता येतात. तिथे प्लेट नसते, जुळवणीचा कागद वाया जात नाही. पानाला ५० पैसे आणि मुखपृष्ठ-बांधणीचे २६ रुपये धरले तर प्रत १३० ला पडते, म्हणजे दुकानदाराला ४० टक्के देऊनही पदरचे जात नाहीत. पहिली आवृत्तीच डिजिटलवर काढणे मात्र आपल्याला परवडणार नाही. शंभर प्रतींवर छपाईपूर्वीचे १७,४४० रुपये विभागले की एक प्रत ३०४ ला पडते. या भावांनी डिजिटल आणि ऑफसेट यांचे पारडे साधारण १९० प्रतींना समसमान होते. त्याच्या खाली डिजिटल स्वस्त आणि वर ऑफसेट.

छापखान्याला होकार देताना कोटेशनवर कागदाचे जीएसएम आणि गिरणीचे नाव, बांधणी शिलाईची की नुसत्या गोंदाची, आणि रकमेत जीएसटी धरला आहे की नाही, हे लिहून मागा. छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नसल्याने छपाईवर भरलेला कर आपल्याला परत मिळत नाही, तो खर्चातच जमा होतो. आपल्या २९,३०० या आकड्यात तो धरलेला नसेल तर वरचा सगळा हिशोब त्या प्रमाणात वर सरकवावा लागेल. शिवाय बांधणीत काही प्रती बिघडतात, तेव्हा ५०० म्हणजे विकण्याजोग्या ५०० असे नमूद करून घ्या आणि सगळ्या प्रती बांधण्यापूर्वी एक पूर्ण बांधलेली प्रत मागवा. तेरा फॉर्म क्रमाने लागले आहेत ना हे पृष्ठांक एकेक करून तपासा, मग पुस्तक मधोमध पूर्ण उघडून कण्याला तडा जात नाही ना ते पाहा. गोंदाची बांधणी कच्ची असेल तर ती तिथेच आवाज करते आणि मधली पाने सुटू लागतात. असे झाले तर शिलाईचा भाव विचारा. प्रतीमागे पाच-सात रुपये वाढतील, आणि वाचनालयांना प्रती द्यायच्या असतील तर हा खर्च मी आवर्जून करीन.